शोरूममधले १२ टक्के प्रत्यक्षात २१ टक्के कसे होतात

दुचाकीच्या शोरूममध्ये गाडी आणि रंग ठरला की गिऱ्हाइकाला एका वेगळ्या टेबलापाशी नेतात. तिथे फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. तो आधार आणि पॅन कार्ड मागतो, फोनवर क्रेडिट स्कोअर बघतो आणि कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून देतो. कर्ज ७२,००० रुपये, मुदत ३६ महिने, व्याज १२ टक्के, हप्ता २,७२० रुपये. बहुतेकांची नजर शेवटच्या आकड्यावर थांबते. महिन्याला २,७२० झेपतील का, एवढाच हिशेब मनात होतो आणि सही होते.

या चार ओळींतले तीन आकडे खरे आहेत. कर्ज ७२,००० चंच आहे, हप्ते ३६ च आहेत आणि दरमहा खात्यातून २,७२० च जाणार आहेत. फसवणारा आकडा एकच, तो म्हणजे १२ टक्के. हा दर ‘फ्लॅट’ आहे. बँका गृहकर्जाला किंवा सोनेतारण कर्जाला जो वार्षिक दर सांगतात, त्याच्याशी या १२ टक्क्यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्या मोजमापाने बघितलं तर हेच कर्ज २१.२ टक्क्यांचं आहे. हा फरक कुठून येतो आणि घरबसल्या पाच मिनिटांत तो कसा काढायचा, ते याच ७२,००० च्या कर्जावरून बघू.

फ्लॅट दराचा हिशेब

फ्लॅट दराची आकडेमोड शाळेतल्या सरळव्याजासारखी असते, म्हणूनच ती चटकन पटते. ७२,००० वर १२ टक्क्यांनी एका वर्षाचं व्याज ८,६४० रुपये. तीन वर्षांचं २५,९२०. हे व्याज मुद्दलात मिळवलं की ९७,९२० होतात. त्याला ३६ ने भागलं की हप्ता २,७२० रुपये. कुठेही बेरीज-भागाकार चुकलेला नाही.

चूक आहे ती गृहीतकात. शाळेतल्या सरळव्याजाच्या गणितात कर्ज घेणारा पूर्ण रक्कम मुदत संपेपर्यंत स्वतःकडे ठेवतो आणि शेवटी एकदम परत करतो. तीन वर्षं पूर्ण ७२,००० तुमच्याकडे राहिले असते, तर वर्षाला ८,६४० व्याज हे खरोखरच १२ टक्के झालं असतं. हप्त्याच्या कर्जात तसं होत नाही. पहिल्याच महिन्यापासून तुम्ही मुद्दल थोडं थोडं परत करत असता. दीड वर्षाने तुमच्याकडे सावकाराचे बरेच कमी पैसे उरलेले असतात आणि शेवटच्या महिन्यात तर तीन हजारांपेक्षाही कमी. तरीही फ्लॅटच्या हिशेबात छत्तिसाव्या महिन्याचं व्याजसुद्धा पूर्ण ७२,००० वरच धरलेलं असतं.

समजा, मंडपवाल्याकडून तुम्ही ३६ खुर्च्या भाड्याने आणल्या आणि रोज एक खुर्ची परत करत गेलात. शेवटच्या दिवशी तुमच्याकडे एकच खुर्ची असताना त्याने त्या दिवसाचंही ३६ खुर्च्यांचं भाडं लावलं, तर तुम्ही वाद घालाल. फ्लॅट व्याजात नेमकं हेच होतं. फक्त सगळ्या महिन्यांचं भाडं आधीच एकत्र करून सारख्या हप्त्यांत वाटलेलं असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही.

खरा दर म्हणजे काय

व्याज ही पैशाच्या वापराची किंमत आहे. म्हणून खरा दर काढताना विचारायचा प्रश्न असा: ज्या महिन्यात जेवढं मुद्दल माझ्याकडे होतं, तेवढ्यावरच व्याज लावलं, तर कोणत्या दराने २,७२० चे ३६ हप्ते भरल्यावर कर्ज बरोबर शून्यावर येईल? ज्या दराने शिल्लक शून्य होते, तो खरा दर. बँकेच्या भाषेत यालाच ‘रिड्युसिंग’ म्हणजे घटत्या मुद्दलावरचा दर म्हणतात.

आपल्या उदाहरणात हा दर महिन्याला १.७६६७ टक्के येतो. बाराने गुणलं की वर्षाला २१.२ टक्के. तो कसा काढायचा ते पुढे येईलच. आधी हा दर बरोबर आहे याची खातरजमा करू, कारण खातरजमा करता करताच कर्ज आतून कसं चालतं ते दिसतं.

पहिल्या महिन्यात तुमच्याकडे पूर्ण ७२,००० आहेत. त्यावर १.७६६७ टक्क्यांनी व्याज १,२७२ रुपये. हप्ता २,७२० चा, म्हणजे त्यातले १,२७२ व्याजात गेले आणि उरलेल्या १,४४८ नी मुद्दल कमी झालं. दुसऱ्या महिन्यात व्याज लागणार ते ७०,५५२ वर. असंच पुढे नेलं की हा तक्ता तयार होतो. आकडे रुपयांत पूर्णांकात आणले आहेत.

| हप्ता | आधीची शिल्लक | व्याज | मुद्दल फिटलं | नंतरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | ७२,००० | १,२७२ | १,४४८ | ७०,५५२ |
| २ | ७०,५५२ | १,२४६ | १,४७४ | ६९,०७८ |
| ३ | ६९,०७८ | १,२२० | १,५०० | ६७,५७८ |
| १८ | ४३,५७७ | ७७० | १,९५० | ४१,६२७ |
| ३६ | २,६७३ | ४७ | २,६७३ | ० |

छत्तिसाव्या हप्त्याला शिल्लक शून्य. सगळं व्याज मिळवलं तर तेच २५,९२० रुपये. म्हणजे कंपनीने एक रुपयाही जास्त घेतलेला नाही आणि तुम्हीही कमी दिलेला नाही. फक्त त्याच व्याजाला १२ टक्के म्हणायचं की २१.२ टक्के, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही प्रत्यक्षात वापरलेल्या पैशाशी ताडून पाहिलं, तर उत्तर २१.२ टक्के हेच येतं.

तक्त्यातली अठराव्या हप्त्याची ओळ पुन्हा एकदा बघा. निम्मे हप्ते भरून झाले, खात्यातून ४८,९६० रुपये गेले, पण मुद्दल निम्मं फिटलेलं नाही. अजून ४१,६२७ बाकी आहेत. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा असतो, म्हणून असं होतं. दीड वर्षाने कर्ज एकरकमी फेडायला गेलेला माणूस मनात ३६,००० धरून जातो आणि काउंटरवर पाच-सहा हजार जास्त ऐकून गोंधळतो. फ्लॅट दराने त्याच्या डोक्यात ‘दरमहा २,००० मुद्दल आणि ७२० व्याज’ असं चित्र बसवलेलं असतं. कंपनीच्या परतफेडीच्या तक्त्यात मात्र ते चित्र कधीच नसतं. तिथे हिशेब घटत्या मुद्दलानेच ठेवलेला असतो.

दुप्पट का होत नाही

पुष्कळ लोक एक ठोकताळा सांगतात की खरा दर फ्लॅटच्या दुप्पट असतो. यामागचा विचार चुकीचा नाही. दरमहा सारखं मुद्दल फिटत गेलं, तर सुरुवातीला ७२,००० आणि शेवटच्या महिन्यात २,००० शिल्लक असते, म्हणजे तीन वर्षांत सरासरीने तुमच्याकडे ३७,००० रुपये राहतात. वर्षाचं व्याज ८,६४०. ते ३७,००० च्या प्रमाणात २३ टक्क्यांच्या थोडं वर जातं, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पण मुद्दल तसं सारखं फिटत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. सुरुवातीला ते सावकाश उतरतं आणि शेवटी भरभर. त्यामुळे प्रत्यक्षात तुमच्याकडे सरासरी ३७,००० पेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ४०,७५० रुपये राहतात. ८,६४० ला या रकमेने भागलं की २१.२ टक्के येतात. म्हणून खरा दर दुप्पट होत नाही, पण दुपटीच्या बराच जवळ जातो.

शोरूममध्ये उभ्या उभ्या अंदाज घ्यायचा असेल, तर फ्लॅट दराला १.८ ने गुणा. १२ टक्क्यांचे २१.६ होतात. खरा आकडा २१.२ आहे, म्हणजे अंदाज चांगला. १० टक्के फ्लॅटचे १८ होतात, ३६ महिन्यांना खरा आकडा १७.९ आहे. ७ टक्के फ्लॅटला १२.६ येतात आणि खरा दर १२.८ आहे. दुचाकीचं कर्ज साधारण एक ते चार वर्षांचं असतं, तेवढ्या मुदतीत हा ठोकताळा भरवशाचा आहे. मुदत याहून लांबली किंवा दर फार चढा असला, तर गुणक थोडा खाली येतो. हप्ते महिन्याचे नसून आठवड्याचे असतील किंवा सगळे सारखे नसतील, तर हा गुणक वापरू नका. तिथे खालचीच पद्धत हवी.

नेमका दर काढण्याच्या दोन पद्धती

पहिल्या पद्धतीला फोनवरचं कुठलंही ईएमआय कॅल्क्युलेटर पुरतं. यातली बहुतेक कॅल्क्युलेटरं घटत्या मुद्दलाने हिशेब करतात, आणि आपल्याला तेच हवं आहे. कर्जाच्या जागी ७२,००० आणि मुदतीच्या जागी ३६ महिने टाका. व्याजाच्या जागी शोरूमने सांगितलेले १२ टाका. हप्ता २,३९१ येईल. हाच पहिला पुरावा. दर खरोखर १२ टक्के असता, तर हप्ता २,३९१ असता आणि तीन वर्षांचं व्याज सुमारे १४,१०० झालं असतं. तुमच्याकडून २५,९२० घेतले जात आहेत.

आता दर वाढवत जा आणि हप्ता २,७२० ला कधी पोहोचतो ते बघा. १८ टक्क्यांना हप्ता २,६०३ येतो. २० ला २,६७६. २१ ला २,७१३. २२ ला २,७५०. म्हणजे उत्तर २१ आणि २२ च्या मध्ये, २१ च्या जवळ आहे. २१.२ टाकलं की हप्ता २,७२०. दर सापडला. यात कुठलंही सूत्र पाठ करावं लागत नाही.

दुसरी पद्धत एक्सेल किंवा गुगल शीट्सची. कोणत्याही चौकटीत ही एक ओळ टाइप करा:

```
=RATE(36,-2720,72000)*12
```

कंसातला पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्त्याची रक्कम आणि तिसरा हातात आलेलं कर्ज. हप्त्याच्या आधी उणे चिन्ह हवंच, कारण कर्ज तुमच्याकडे येतं आणि हप्ता तुमच्याकडून जातो. ते चिन्ह विसरलात तर चौकटीत दराऐवजी चूक दिसेल. RATE महिन्याचा दर देतं, म्हणून शेवटी बाराने गुणायचं. चौकट टक्केवारीच्या रूपात आणली की २१.२० टक्के दिसेल.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. महिन्याचा दर बाराने गुणल्यावर जो वार्षिक दर मिळतो, तोच भारतात बँका आणि फायनान्स कंपन्या ‘वार्षिक’ म्हणून सांगतात. चक्रवाढीने मोजलं तर १.७६६७ टक्के महिन्याचे वर्षाला २३.४ टक्के होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोन कर्जांची तुलना करताना दोन्हींना एकच पद्धत लावा. एका बाजूला बाराने गुणलेला आणि दुसऱ्या बाजूला चक्रवाढीचा, असं केलं तर पुन्हा फ्लॅटसारखाच घोळ होईल. या लेखात सगळीकडे बाराने गुणलेला दर धरला आहे.

तुलना कुठे चुकते

फ्लॅट दराचा सगळ्यात मोठा तोटा तुलनेच्या वेळी होतो. समजा, शोरूममधली कंपनी साडेनऊ टक्के सांगते आणि तुमची बँक १६ टक्के. दोन्हीकडे कर्ज ७२,०००, मुदत ३६ महिने आणि इतर खर्च सारखा. कानाला साडेनऊ फारच स्वस्त वाटतात. पण साडेनऊ फ्लॅट असतील तर हप्ता २,५७० येतो आणि खरा दर १७.१ टक्के निघतो. बँकेचे १६ टक्के घटत्या मुद्दलावर असतात, तिथे हप्ता २,५३१. म्हणजे १६ टक्के साडेनऊपेक्षा स्वस्त आहेत, आणि तीन वर्षांत सुमारे १,४०० रुपये वाचतात.

तेव्हा कुणीही दर सांगितला की पुढचा प्रश्न हाच विचारायचा: ‘फ्लॅट की रिड्युसिंग?’ उत्तर टाळलं गेलं किंवा ‘दोन्ही एकच असतं हो’ असं ऐकायला आलं, तर दर बाजूला ठेवा. कर्ज, हप्ता आणि हप्त्यांची संख्या एवढंच लिहून घ्या आणि दर स्वतः काढा. या तीन आकड्यांतून कोणताही दर लपत नाही.

हातात किती आले, ते महत्त्वाचं

आतापर्यंत आपण असं धरलं की ७२,००० पूर्ण तुमच्या कामी आले. प्रत्यक्षात त्यातून प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च आणि त्यांवरचा जीएसटी कापला जातो. समजा, ही फी २,००० आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,३६०. हे पैसे कर्जातून वजा झाले किंवा तुम्ही खिशातून वेगळे भरले, तरी परिणाम एकच. तुम्हाला प्रत्यक्षात मिळाले ६९,६४० आणि हप्ता मात्र ७२,००० च्या हिशेबाचाच राहिला. वरच्या सूत्रात तिसऱ्या जागी ६९,६४० टाका:

```
=RATE(36,-2720,69640)*12
```

दर २३.७ टक्के होतो. फी जीएसटीसह २,३६० चीच, पण दरात अडीच टक्क्यांची भर पडली. मुदत कमी असेल तर हीच फी आणखी जड जाते, कारण ती कमी महिन्यांत वाटली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे आगाऊ हप्ता. काही ठिकाणी गाडी ताब्यात देतानाच पहिला हप्ता घेतात. त्याला ‘अ‍ॅडव्हान्स ईएमआय’ म्हणतात आणि तो डाउन पेमेंटमध्ये मिसळून सांगितला की वेगळा जाणवतच नाही. पण कर्ज मिळाल्याच दिवशी २,७२० परत गेले, म्हणजे तुमच्याकडे आले ६९,२८० आणि पुढे ३५ हप्ते उरले. फी नसली तरी एवढ्याने खरा दर २२.६ टक्के होतो. फी आणि आगाऊ हप्ता दोन्ही असतील, तर हातात ६६,९२० येतात आणि दर २५.२ टक्क्यांवर जातो. कोटेशनच्या मागे मात्र अजूनही १२ टक्केच लिहिलेले असतात.

आगाऊ हप्त्याच्या या प्रकाराची दखल रिझर्व्ह बँकेनेही घेतली आहे. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने व्याज आकारणीतल्या अनुचित पद्धती सांगितल्या. एक किंवा अधिक हप्ते आगाऊ घेऊनही व्याज पूर्ण कर्जावर धरणं ही त्यांतली एक होती. असं जास्तीचं व्याज ग्राहकांना परत करायला तपासणीच्या वेळी सांगितलं जातं, हेही त्या परिपत्रकात नमूद आहे.

तिसरी गोष्ट विम्याची. गाडीचा विमा कायद्याने लागतोच, त्यामुळे तो कर्ज न घेताही भरावा लागला असता. त्याला कर्जाचा खर्च म्हणायचं कारण नाही. पण कर्जदाराच्या जिवावर काढलेला ‘लोन सुरक्षा’ विमा, अपघात विमा किंवा एखादं सदस्यत्व कर्जाच्या रकमेत घातलं असेल, तर वेगळं. तुम्ही गाडीसाठी ६९,००० मागितले आणि कागदावर ७२,००० दिसत असतील, तर मधले ३,००० कशाचे ते विचारा. नको असलेली गोष्ट असेल, तर ती रक्कम तुमच्या हाती आलेल्या पैशातून वजा करूनच दर काढा.

कागदावर हा दर आता मिळतो

या सगळ्या गणितावर मोहोर उमटवणारा एक कागद आता तुमच्या हक्काचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ ग्राहकाच्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. बोलीभाषेत त्याला केएफएस म्हणतात. त्यात वार्षिक टक्केवारी दर म्हणजे एपीआर लिहिलेला असतो आणि तो हातात आलेल्या रकमेवर, घटत्या मुद्दलाने, सगळं शुल्क धरून काढलेला असावा लागतो. आपण RATE ने काढतो तेच हे. कंपनी दुसऱ्या कुणासाठी जो विम्याचा किंवा कायदेशीर खर्च तुमच्याकडून घेते, तोही एपीआरमध्ये धरायचा आणि वेगळा दाखवायचा असतो. सोबत पूर्ण परतफेडीचा तक्ता द्यायचा असतो, आपण वर केला तसाच.

त्या परिपत्रकातल्या आणखी तीन गोष्टी दुचाकी घेणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाच्या आहेत. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा, म्हणजे मराठीत मागायला संकोच करू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला, त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहायला हव्यात, म्हणून ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला बळी पडायचं कारण नाही. आणि जे शुल्क त्यात लिहिलेलं नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दुचाकीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल शुल्क लागू शकतं. ते किती, तेही याच कागदात बघून ठेवा.

केएफएस हातात आलं की आपला हिशेब त्याच्याशी ताडून बघा. तुम्ही काढलेला दर आणि छापलेला एपीआर यांत पाव-अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर काळजी नको. पहिल्या हप्त्याची तारीख महिन्यापेक्षा पुढे-मागे असली की एवढा फरक पडतो. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल, तर एखादं शुल्क एका बाजूला धरलं आणि दुसऱ्या बाजूला सुटलं आहे. छापलेला दर तुमच्या दराच्या जवळजवळ निम्मा दिसला, तर एपीआरच्या जागी फ्लॅट दर लिहिला गेला आहे. तसं आढळलं तर सही न करता लेखी खुलासा मागा. कर्ज घेऊन झालं असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गावातल्या पतसंस्थेकडून कर्ज घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. त्यामुळे केएफएसचा हा नियम त्यांना लागू होत नाही. तिथे सांगितलेला दर फ्लॅट आहे की घटत्या मुद्दलावरचा, हे स्वतःच विचारावं लागतं आणि स्वतःच तपासावं लागतं.

फ्लॅट दराने कर्ज घेऊच नये, असं नाही. उत्पन्नाचा कागद नसणाऱ्याला, पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला बँकेचं दार अनेकदा बंद असतं. त्याला २१ टक्क्यांनीही गाडी परवडू शकते, विशेषतः डिलिव्हरीसाठी किंवा दूधवाटपासाठी ती रोज कमावून देणार असेल तर. पण तो निर्णय १२ टक्के समजून घेऊ नका, २१ टक्के माहीत असताना घ्या. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: प्रत्यक्ष हातात किती रक्कम येणार, हप्ता किती आणि हप्ते किती. तेवढ्यावर दर तुम्ही स्वतः काढू शकता, आणि केएफएसमधला एपीआर त्याच्याशी जुळल्याशिवाय सही करू नका.